मृगाचे वाहन आणि निर्मलामावशीचे पत्र

"आई, तू दर जूनमध्ये निर्मलामावशीला पत्र लिहितेस, तेव्हा पहिल्याच ओळीत बेडूक, म्हैस नाहीतर कोल्हा असं काहीतरी का असतं?"

प्रिय ईशान,

ही नक्षत्रांची वाहने आहेत. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. 7 किंवा 8 जूनच्या सुमारास तो मृगात शिरतो आणि खान्देशात पावसाळ्याची गणती तिथून सुरू होते. ज्या क्षणी तो शिरतो, त्या क्षणी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत, दोन्ही धरून, मोजायचे आणि येणाऱ्या संख्येला नऊने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि काहीच उरले नाही तर हत्ती.

समज, सूर्य मृगात शिरताना चंद्र विशाखात आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती, विशाखा अशी बोटांवर बारा नक्षत्रे होतात. बारातून नऊ गेले, तीन उरले, म्हणून वाहन बेडूक. बेडूक, म्हैस आणि हत्ती ही पाण्यात रमणारी जनावरे, त्यामुळे ती आली की पाऊस चांगला असे मानतात. कोल्हा किंवा मेंढा आला की मोठी माणसे दिनदर्शिका जरा रागानेच भिंतीला टांगत.

निर्मला आणि मी अमळनेरजवळच्या एकाच गावात वाढलो. तिच्या आजीला ही सारी नक्षत्रे तोंडपाठ होती. मृग लागायच्या आधी आम्ही दोघी तिच्यासमोर बसून पैज लावायचो आणि हरणारीने दुसरीचे दप्तर शाळेपर्यंत वाहायचे, असा आमचा करार होता. शाळेची वाट काळ्या कापसाच्या जमिनीतून जाई. पहिल्या सरीनंतर ती माती चपलेला अशी चिकटे की चार पावलांत चप्पल दुप्पट जड होई. मग चपला हातात, दोन दप्तरे एकीच्या खांद्यावर आणि दुसरी मोकळ्या हातांनी बांधावरचे मखमली लाल मृगाचे किडे वेचत पुढे, असा आमचा थाट असे. घरी पोहोचल्यावर आजी पायांकडे पाहून "माय वं!" म्हणे आणि गिलक्याच्या गरम भज्यांची ताटली पुढे सरकवी. (इथे मेलबर्नला जूनमध्ये कडक थंडी असते आणि दुकानात गिलकी क्वचितच मिळतात, हे मी मावशीला दर वर्षी कळवते. तिला त्याची कणव येत नाही.)

मात्र वाहनावर विसंबून पेरणी कोणी करीत नसे. वाहन साऱ्या महाराष्ट्राला एकच असते. पाऊस मात्र कोकणात धो धो कोसळतो आणि सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत ढगांतले बरेचसे पाणी संपलेले असते. निर्मलाचे वडील पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन माती उकरत आणि ओल किती खोल गेली ते बोटे आडवी लावून पाहत. वरची माती ओली आणि खाली कोरडी असली, तर कपाशीचे बी फुगते, अंकुर फुटतो आणि पुढची सर लांबली की करपून जातो. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा. ज्यांच्या विहिरीला पाणी असे, ते मेअखेरीसच कपाशी लावून मोकळे होत. निर्मलाचे शेत कोरडवाहू होते, म्हणून तिथे वाट पाहण्यावाचून इलाज नसे. एका वर्षी मृगाचे वाहन हत्ती होते आणि सारे नक्षत्र कोरडे गेले. तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, "हत्ती आला खरा, पण सोंड घरीच विसरला."

त्या वाक्यामुळेच आमच्या पत्राची पद्धत पडली. मी वर वाहन लिहिते आणि खाली विचारते, "सोंड आणली का?" मावशी उत्तरात पाऊस किती मिलिमीटर झाला ते लिहीत नाही, "चार बोटे ओल, उद्या पेरणी" किंवा "दोनच बोटे, थांबलोय" एवढेच लिहिते, आणि मला तिचे शेत दिसते. यंदा तिच्या नातवाने पैज लावायला सुरुवात केली आहे, असे तिने कळवले आहे. तू या वेळचे वाहन स्वतः मोजून दे. पत्राच्या पहिल्या ओळीत मी तुझे उत्तर लिहीन. चुकलास तर पुढच्या भेटीत त्याचे दप्तर तुझ्या खांद्यावर असेल, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी आई