मुहूर्त 12.17चा, पण पाहुण्यांनी यायचं कधी?

*ताई, डिसेंबरात पुण्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे. डब्लिनच्या ऑफिसातले त्याचे चार सहकारी येणार आहेत, बाकीचे ऑनलाइन बघतील. त्यांच्यासाठी इंग्रजी पत्रिका मी केली आणि 'मुहूर्त दु. 12.17' याचं 'ऑस्पिशस टाइम' असं भाषांतर केलं. माझी जिवलग मैत्रीण इंग्रजी शिकवते. ती म्हणते, हे हास्यास्पद आहे, 'सेरिमनी बिगिन्स' लिही. मी म्हटलं, तुला धर्मातलं काय कळतं? तेव्हापासून ती फोन उचलत नाही. बरोबर कोण?*

भाषांतर दोघींचंही चुकलंय. 'धर्मातलं काय कळतं' हे मात्र तुमचं एकटीचं. त्याची माफी आधी मागा, पत्रिकेचं नंतर बघू.

'सेरिमनी बिगिन्स' छापलंत तर आयरिश मंडळी 12.10ला हॉलच्या दारात उतरतील, चपला कुठे काढायच्या ते विचारतील आणि आत पोचेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतील. कारण 12.17ला काही सुरू होत नाही. पुण्याहवाचन सकाळीच उरकलेलं असतं, नवरी गौरीहरापाशी बसलेली असते. बाराच्या सुमारास मामा तिला बोहल्यावर आणतो, मध्ये अंतरपाट धरतात आणि मंगलाष्टकं सुरू होतात. संथ चालीतला एक श्लोक मिनिटभर सहज खातो. गुरुजी घड्याळाकडे बघत श्लोक वाढवतात किंवा आवरतात, आणि 'तदेव लग्नं' संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण 12.17चा. (आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची असतील, तर ती किती कडव्यांची आहेत हे गुरुजींना आदल्या दिवशीच सांगा. मुहूर्त टळतो तो बहुतेक तिथेच.)

'ऑस्पिशस टाइम'ची अडचण वेगळी. परक्या माणसाला त्यातून वेळ शुभ आहे एवढंच समजतं. त्या वेळी काय होतं आणि आपण कुठे असायला हवं, याचा पत्ता लागत नाही. त्यात 12.17 हा आकडा त्याला छपाईची चूक वाटतो, कारण त्याच्याकडची लग्नं 12ला नाहीतर साडेबाराला असतात. शिवाय जुन्या कालगणनेत मुहूर्त म्हणजे दोन घटिका, 48 मिनिटं. पाहुण्याने इंटरनेटवर शब्द शोधला आणि हा अर्थ सापडला, तर तो आरामात एक वाजता येईल. पत्रिकेतला मुहूर्त क्षणाचा असतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. त्यांना लागतं.

म्हणून शब्द 'मुहूर्त' असाच रोमन लिपीत ठेवा आणि खाली साध्या इंग्रजीत एक ओळ द्या: नवरा-नवरीमधला पडदा दूर होतो आणि आपण सगळे अक्षता टाकतो तो क्षण, 12.17. त्याच्या वर, जरा ठळक, 'कृपया 11.30पर्यंत स्थानापन्न व्हावे'. हे वाक्य इंग्रजीत मैत्रिणीलाच लिहू द्या. पाहुण्याला घड्याळ लागतं हा तिचा मुद्दा खरा आहे, आणि क्षणाला नाव हवं हा तुमचा.

तिसरी ओळ तुमच्या भांडणात आलीच नाही, ती म्हणजे सप्तपदीची. अक्षता पडल्या की आपली निम्मी मंडळी पंगतीकडे वळते. ते बघून पाहुण्यांना वाटतं लग्न झालं, आणि तेही पान वाढायची वाट बघू लागतात. कन्यादान, होम, सप्तपदी तर अजून व्हायची असते. हिंदू विवाह कायदा 1955च्या कलम 7प्रमाणे, विधींत सप्तपदी असेल तर विवाह पूर्ण होतो तो सातव्या पावलाला. मुद्दाम लांबून आलेल्यांना हेच चुकवायचं नसतं. गुरुजींना सप्तपदीची अंदाजे वेळ विचारा आणि आकड्याआधी 'सुमारे' लावून छापा. ही वेळ मिनिटावर पाळली जात नाही.

ऑनलाइन बघणाऱ्यांना 12.17 ही भारतातली वेळ आहे हे स्पष्ट लिहा. डिसेंबरात डब्लिन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे तिथे पहाटेचे 6.47. पण हा आकडा छापील पत्रिकेत नको, लिंकसोबतच्या मेसेजमध्ये द्या. दोन वेळा एका कार्डावर आल्या की पुण्यात आलेला पाहुणासुद्धा गोंधळतो.

आणि प्रूफ आलं की 12.17च्या पुढचं 'पीएम' दोघींनी एकेकदा वाचा. तिथे 'एएम' पडलं तर पाहुणे आदल्या मध्यरात्रीचं लग्न समजतील. मराठी पत्रिकेत 'दु.' असतं म्हणून आपल्या डोळ्यांना ही चूक दिसत नाही, तिच्या डोळ्यांना पटकन दिसेल.