न्याय म्हणजे 'सरसकट' नव्हे

प्रश्न : स्वातंत्र्य, समता आणि न्याय यांत नेमका फरक काय? अकरावीला राज्यशास्त्र आहे. रोजच्या जगण्यातलं उदाहरण हवं. सर म्हणाले की न्याय हा शब्द 'नी' म्हणजे नेणे या धातूवरून आला, ते बरोबर आहे का?

उत्तर : 'सगळ्यांना सरसकट सारखं द्या, की झाला न्याय!' हे वाक्य कानावर पडलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सरसकट ही वाटपाची एक तऱ्हा आहे. तिनं न्याय होईलच असं नाही.

तीन तासांचा इतिहासाचा पेपर घे. इतिहास हा विषय तू स्वतः निवडलास, कुणी अडवलं नाही, हे स्वातंत्र्य. ते एकट्या माणसाबद्दलही विचारता येतं. समतेला मात्र दोघं लागतात : तुला आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला प्रश्नपत्रिका एकच, उत्तीर्ण व्हायला लागणारे गुणही तेवढेच. आता तिसऱ्या बाकावर हात थरथरणारा मुलगा आहे. उत्तर त्याला येतं, पण एक ओळ लिहायला त्याला तुझ्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे लिहिण्यात अडचण असलेल्या पात्र दिव्यांग परीक्षार्थींना ताशी किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे या पेपरला एक तास. तो तास सगळ्या वर्गाला दिला तर वाटप सारखं होईल, पण तो मुलगा होता तिथेच मागे राहील.

मग ज्याला त्याला हवं ते द्यायचं का? नाही. या पेपरात इतिहास तपासायचा आहे, हाताचा वेग नाही, म्हणून तो तास योग्य. टंकलेखनाच्या वेगाच्या परीक्षेत तोच तास दिला तर परीक्षेलाच अर्थ उरणार नाही. वेगळी वागणूक ज्या फरकावर दिली, त्या फरकाचा मूळ हेतूशी संबंध आहे का, हे राज्यघटनेच्या कलम 14 खाली आपली न्यायालयंही तपासतात. न्यायाला असं कारण लागतं.

आता शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. 'नी'वाली व्युत्पत्ती जुन्या ग्रंथांतही सापडते, तरी मला ती मुळीच पटत नाही. 'नी'पासून 'नाय' होईल, 'न्याय' कसा होईल? 'नि' या उपसर्गाला 'आय' जोडला की 'न्याय' होतो, आणि हा 'आय' आला 'इ' म्हणजे जाणे या धातूवरून. उपाय, अपाय, अध्याय ही सगळी त्याचीच भावंडं. पाणिनीनं तर एकाच सूत्रात (3.3.37) दोघांची वाटणी करून ठेवली आहे : 'परि'बरोबर 'नी' आला तर 'परिणाय', म्हणजे द्यूतातली सोंगटी हलवणं, 'नि'बरोबर 'इ' आला तर 'न्याय', आणि त्याचा अर्थ 'अभ्रेष'. अभ्रेष म्हणजे न ढळणं. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका काशिकावृत्ती तो 'यथाप्राप्तकरणम्' असा उलगडते : जिथे जे लागू पडतं, तिथे तेच करणं. थरथरत्या हाताला मिळालेला तास हा अगदी या अर्थाचा न्याय आहे. 'नी'चा आग्रह धरणाऱ्यांच्या हातात त्या सूत्रातली फक्त सोंगटी येते.

मात्र 'यथाप्राप्त'मध्ये एक धोका आहे. लागू काय पडतं, हे ठरवायचं कुणी? महाडचं चवदार तळं बघ. मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव 1923 मध्ये केला, आणि महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर स्वातंत्र्य आलं, समताही आली. पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी ते पाणी प्यायलं, तेव्हा काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचं म्हणणं काय होतं? अस्पृश्यांना वगळायची इथली पूर्वापार वहिवाटच आहे. म्हणजे त्यांच्या लेखी ते 'यथाप्राप्त'च होतं!

दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं दिला, तोही वादींना ती वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध करता आलं नाही म्हणून. ती वहिवाट न्याय्य आहे की नाही, यावर निकाल टेकलेला नव्हता.