'एरो' आणि 'झेरो': फ्रेंचमधला जोड-उच्चार

प्रश्न: फ्रेंचमध्ये 'मुलं' म्हणताना 'लेझांफां' असा मधे झ ऐकू येतो, पण 'नायक' म्हणताना 'ले एरो'च. शेवटी एस तर दोन्हीकडे लिहिलेला आहे. मग जोडायचं कधी आणि कधी नाही?

एस दोन्हीकडे आहे, फरक पुढच्या शब्दात आहे. 'ले' हे अनेकवचनाचं उपपद, त्याचा एस एरवी मुका असतो. पुढे स्वर आला की तो झ होऊन त्या स्वराला चिकटतो. 'एरो'च्या आधी मात्र लिहिण्यात एच आहे. तो उच्चारला जात नाही, पण जोडाला अडवतो. फ्रेंच व्याकरणात त्याला 'आश आस्पिरे' म्हणतात. इथे चुकून जोडलंत तर 'ले झेरो' होईल, म्हणजे नायकांचे थेट 'शून्य' होतील!

हाच एच लोपालाही अडवतो. म्हणून नायक 'ल एरो', पण नायिका 'लेरोइन'. तिच्या एचमध्ये ती ताकद नाही, त्यामुळे 'ला' या स्त्रीलिंगी उपपदातला स्वर गळतो. एकाच घरातले दोन शब्द असे का वागतात, याला तर्काचा आधार नाही, शब्द पाठच करावा लागतो. बऱ्याच फ्रेंच कोशांत अशा एचच्या शब्दाला तारांकन किंवा उच्चाराआधी एक छोटी खूण असते, ती बघायची सवय लावा. 'आरिको' म्हणजे घेवडा, त्याचं अनेकवचन नियमाने 'ले आरिको', पण 'लेझारिको' म्हणणारे फ्रेंच लोकही भेटतात.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. जोड होतो तो एकमेकांना घट्ट बांधलेल्या शब्दांत: उपपद आणि नाम, सर्वनाम आणि क्रियापद, विशेषण आणि त्यामागून येणारं नाम. एकवचनी नामानंतर विशेषण आलं तर जोडत नाहीत. याचं माझं आवडतं उदाहरण 'साव्हां' आणि 'आव्हग्ल' या जोडीचं. 'साव्हां' म्हणजे विद्वान, 'आव्हग्ल' म्हणजे अंध, आणि दोन्ही शब्द नामही होतात, विशेषणही. 'अं साव्हां आव्हग्ल' असं तोडून म्हटलं तर अंध असलेला विद्वान. मधला मुका टी जागा करून 'अं साव्हांताव्हग्ल' म्हटलं तर विद्वान असलेला अंध माणूस. लिहिताना दोन्ही अगदी सारखेच. अर्थ कळतो तो एका त वरून.

'आणि' या अर्थाच्या 'ए'मध्येही टी लिहितात, पण तो कधीच जोडत नाहीत. तिथे त म्हटलात की परकेपणा लगेच उघडा पडतो.

उरलेल्या जागी बोलणाऱ्याची मर्जी चालते. 'अजून नाही' याला भाषणात 'पाझांकोर', मित्रांत 'पा आंकोर'. लोपाचं उलट आहे, तो गप्पांतच वाढतो: 'तुझ्याकडे आहे' हे 'त्यू आ' न म्हणता नुसतं 'ता' म्हणतात. बोलताना खुशाल म्हणा, परीक्षेच्या निबंधात लिहू नका.