वही भरलेली आहे, तरी आठवत का नाही?

पत्र: माझी मुलगी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. जूनपासून पायथन या संगणकभाषेचा ऑनलाइन कोर्स करते. शिकवलेलं त्या दिवशी येतं, तीन आठवड्यांनी विचारलं तर काहीच आठवत नाही. मी रोज रात्री जेवताना तिला तोंडी विचारतो. ती गप्प बसते, कधी रडते. वही मात्र भरलेली आहे. तिच्या चुलतभावाने सहा महिन्यांत सगळं शिकून पुण्यात नोकरी मिळवली. हिची स्मरणशक्ती कमी आहे का? साठ हजारांचा क्लास लावावा, की हे सोडून बँकेच्या परीक्षेला बसवावं?
– एक वडील

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "कधी रडते" या दोन शब्दांची. त्यामुळे आधी त्याबद्दलच लिहिते. जेवतानाची तोंडी परीक्षा आज रात्रीपासून बंद करा. तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण त्या प्रश्नांमुळे तिचं शिकणंच अडतंय. एक तर तुम्ही विचारता ते तोंडी. "पायथनमधली डिक्शनरी म्हणजे काय?" याचं उत्तर घडाघडा सांगणाऱ्या मुलाला चार ओळी लिहिताना कंस कुठला आणि स्वल्पविराम कुठे हे अडू शकतं. सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहिण्याचे नियम, येतो की नाही हे कोरी फाइल उघडून टाइप केल्यावरच कळतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. घासागणिक चूक पकडली जाणार असेल तर मूल चुका लपवायला शिकतं. तुम्ही म्हणता वही भरलेली आहे. मला खात्रीने वाटतं की त्या वहीत व्हिडिओतला बरोबर कोड सुवाच्य अक्षरात उतरवलेला असेल आणि तिची स्वतःची चूक एकही नसेल. बाबांनी उघडली तरी चालेल अशी ती वही आहे. तिला खरी गरज आहे ती चुकांच्या वहीची, आणि तशी वही ती तुमच्या धाकात कधीच लिहिणार नाही.

चुलतभावाचं नाव घरात काढू नका. तो रोज किती तास लिहीत होता, आधी काय येत होतं, यातलं काही तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

स्मरणशक्तीबद्दल विचारलंत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि काही वेळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात हे मोजलं. एका दिवसानंतर श्रमाची बचत जेमतेम एक तृतीयांश उरली होती. सुरुवातीची घसरण जोरात असते, पुढे ती मंदावते. कंस, कोलन, `reverse=True` अशा गोष्टींना नवशिक्याच्या दृष्टीने त्या अक्षरगटांइतकाच अर्थ असतो, म्हणून त्या भराभर निसटतात. तीन आठवडे हातही न लावलेली गोष्ट तुमची मुलगी विसरते यात मला दोष दिसत नाही.

आता तो गैरसमज, जो तुमच्या मुलीचाही असणार. विसरलं की व्हिडिओ पुन्हा बघायचा, वही पुन्हा वाचायची, याला उजळणी समजलं जातं. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि मन म्हणतं, येतंय की! पण समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं आणि काहीही समोर नसताना आठवून लिहिणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. तुमच्या घरात नेमकं हेच घडतंय: त्या दिवशी येतं, तीन आठवड्यांनी जातं. साठ हजारांच्या क्लासातही शिकवलेलं पुन्हा वाचण्यापलीकडे काही होणार नसेल, तर पुढच्या वर्षी तुम्ही मला हेच पत्र लिहाल.

पुढचा भाग मुलीला वाचायला द्या.

बाळ, जुनी वही बाजूला ठेव आणि नवी घे. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढ. रोज अभ्यास संपल्यावर दहा मिनिटं, त्या दिवशी जिथे अडलीस तेवढंच लिहायचं. काय करायचं होतं, काय लिहिलं, संगणकाने काय म्हटलं आणि का. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. गुणांची यादी लावून पहिला गुण छापायचा होता आणि तू असं लिहिलंस:

```python
marks = [62, 48, 91]
marks = marks.sort()
print(marks[0])
```

उत्तर आलं `TypeError: 'NoneType' object is not subscriptable`. हा संदेश जसाच्या तसा वहीत उतरव, कारण पुन्हा दिसला की त्यावरूनच तुला चूक ओळखू येईल. खाली तुझ्या शब्दांत कारण लिही: `sort()` तीच यादी जागच्या जागी लावतो आणि परत काही देत नाही, म्हणजे `None` देतो. मी ते `None` पुन्हा `marks` मध्ये ठेवलं आणि यादी हातची गेली. `sorted()` मात्र मूळ यादीला हात न लावता नवी यादी देतो.

या नोंदीतून उजळणीचे दोन प्रश्न निघतात. रेघेच्या डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. पहिला: "`marks` तशीच ठेवून, मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेली नवी यादी `top` मध्ये घे." दुसरा: "`marks` हीच यादी लहानापासून मोठ्यापर्यंत लाव." पहिल्याचं उत्तर असं:

```python
marks = [62, 48, 91]
top = sorted(marks, reverse=True)
```

एका प्रश्नात एकच गोष्ट असू दे. "याद्या कशा लावतात ते सांग" असा मोठा प्रश्न लिहिलास तर अर्धं आठवेल, अर्धं नाही, आणि पास म्हणायचं की नापास हेच ठरणार नाही. आणि जे तू स्वतः चालवून बघितलेलं नाही त्याचा प्रश्न करू नकोस. न कळलेलं पाठ केलंस तर ते टिकत नाही.

उजळणीच्या वेळी उजवी बाजू कागदाने झाकायची, कोरी फाइल उघडायची, उत्तर टाइप करायचं आणि चालवायचं. वरच्या प्रश्नात `print(marks, top)` केलं की मूळ यादी न बदलल्याचंही दिसतं. "मला येत होतं, फक्त `reverse` चं स्पेलिंग चुकलं" हे नापासच धरायचं. निकाल संगणक देतो, त्यामुळे स्वतःची समजूत घालायला जागा राहत नाही.

अंतर असं ठेव: १ दिवस, मग ३, ७, १६ आणि ३५ दिवस. म्हणजे १ ऑगस्टला लिहिलेला प्रश्न २, ५, १२ आणि २८ ऑगस्टला येईल आणि शेवटी २ ऑक्टोबरला. प्रत्येक प्रश्नाशेजारी पुढची तारीख पेन्सिलने लिही. समज, १२ तारखेला अडलीस: उत्तर बघ, पुन्हा टाइप कर आणि तो प्रश्न १३ तारखेवर टाक, तिथून पायऱ्या पहिल्यापासून. हेच आकडे हवेत असं काही नाही, अंतर वाढत जाणं महत्त्वाचं. उत्तर थोडं निसटू लागलेलं असताना ओढून काढलं की ते घट्ट बसतं. दुसऱ्याच दिवशी दहा वेळा लिहिण्यात तो फायदा मिळत नाही.

तारखा सांभाळणं जड वाटलं तर अँकी हे मोफत ॲप संगणकावर तेच काम करतं. त्यात धोका एवढाच की उत्तर मनात आल्यासारखं वाटलं की बोट "जमलं"च्या बटणावर जातं. म्हणून तिथेही आधी टाइप करायचं, मगच बटण.

मुलं हे सोडून देतात ते बहुधा एकाच कारणाने. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज दहा-पंधरा प्रश्न लिहितात. प्रत्येक प्रश्न पाच वेळा परत येणार असतो, त्यामुळे रोज दहा नवे म्हणजे काही आठवड्यांनी रोजची पन्नास उत्तरं, वर अडलेल्यांची भर वेगळी. रोज तीनच नवे घे. मग रोजचा आकडा पंधराच्या आसपास राहतो आणि काम पाव तासात आटोपतं. कुठला प्रश्न चौथ्यांदाही अडला तर तो पुन्हा घोकू नकोस. एक तर त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, किंवा मूळ कल्पनाच कळलेली नाही. प्रश्न तोड, नाहीतर त्या धड्याकडे परत जा.

सगळं या वहीत आणू नकोस. लूप, फंक्शन, याद्या, डिक्शनरी, फाइल वाचणं, `range(1, 5)` मध्ये ५ येत नाही, अशा रोज लागणाऱ्या गोष्टी हातात बसायला हव्यात. आलेख काढायच्या लायब्ररीतले रंगांचे आणि अक्षरांच्या आकारांचे पर्याय अनुभवी माणसंही उघडून बघतात. आणि या वहीने सिंटॅक्स टिकेल, पण समोर आलेला प्रश्न कसा फोडायचा हे ती शिकवणार नाही. त्यासाठी आठवड्याला एक छोटा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून स्वतः लिहावाच लागेल: घरच्या वीजबिलांची बेरीज, वर्गाचा निकालतक्ता, काहीही. पुढच्या चुका त्यातूनच मिळतील.

बाबा, आता पुन्हा तुमच्याशी. गणित घेतलेल्या बीएस्सीनंतर सीईटी देऊन एमसीएला जाता येतं, आणि बँकेच्या परीक्षा पदवीनंतरही देता येतात, त्यामुळे आज काही बदलायची घाई नाही. साठ हजार सध्या बँकेतच राहू द्या. दोन महिने हे चालू दे. नंतर तिलाच जुन्यातले दहा प्रश्न निवडून कोऱ्या फाइलमध्ये लिहायला सांगा आणि किती जमले ते तिला स्वतःला मोजू द्या. सात-आठ जमत असतील तर क्लासची गरज नाही. तीन-चारच जमले तर वही घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. अडचण कुठे आहे ते तिच्या चुकांवरून दिसेल.

तुम्हाला काही करायचंच असेल तर दोन गोष्टी करा. संध्याकाळचा तो पाव तास तिला घरातलं काम सांगू नका. आणि तिने स्वतःहून दाखवल्याशिवाय ती वही उघडू नका. कॉलेजच्या परीक्षेच्या दिवसांत ती नवे प्रश्न लिहिणार नाही, जुनेही साचतील. तेव्हा "बंद केलंस ना शेवटी?" असं म्हणू नका. परीक्षा संपली की साचलेल्यातले सगळ्यात जुने वीस रोज काढायचे आणि ढीग उतरेपर्यंत नवा एकही घ्यायचा नाही, हे तिला सांगून ठेवा.