तथ्य आणि अन्वयार्थ वेगळे कसे काढावेत?

प्रश्न: पानिपतावरचा उतारा वाचून इतिहासलेखनावर चर्चा करायची आहे. त्यातलं तथ्य कुठलं आणि लेखकाचं मत कुठलं, हे कसं ओळखू?

उत्तर: प्रत्येक वाक्याला विचारा: हे लेखकाला कुठल्या साधनातून कळलं? ‘१४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले’ हे तथ्य. विरुद्ध बाजूच्या लेखकांनीही ते नोंदवलंय. ‘ते पडले म्हणूनच लढाई हरली’ हा अन्वयार्थ, कारण दुसरा अभ्यासक त्याच घटनांवरून उपासमारीला दोष देऊ शकतो. ‘म्हणूनच’, ‘खरं तर’, ‘दुर्दैवाने’ दिसले की समासात खूण करा. मात्र मृतांचा आकडा तथ्यासारखा दिसला तरी तो बहुधा अंदाजच असतो. साधनही तपासा: या लढाईचा वृत्तान्त देणारा काशीराज पंडित प्रत्यक्षदर्शी खरा, पण तो अब्दालीच्या बाजूने असलेल्या शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता आणि त्याने हकिकत लिहिली ती बऱ्याच वर्षांनी.