फोटोतल्या उताऱ्यावरून मध्यवर्ती कल्पना, मुद्दे आणि शब्दार्थ

"मुलगी सहावीत आहे. बाई उताऱ्याचा फोटो पाठवतात आणि त्यावरून मध्यवर्ती कल्पना, आधार देणारे मुद्दे आणि कठीण शब्दांचे सोपे अर्थ लिहून मागतात. ती पहिलेच वाक्य कल्पना म्हणून उतरवते आणि अर्थ शब्दकोशातून जसेच्या तसे घेते. कसे शिकवावे?"

ताई, आधी फोटो पाहा, कारण चूक बहुधा तिथूनच सुरू होते. आमच्या शेजारची मुलगी गेल्या पावसाळ्यात असाच एक उतारा घेऊन माझ्याकडे आली होती. तो साधारण असा होता:

"पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हाच अनेक माशांच्या प्रजननाचा हंगाम असतो. या दिवसांत मच्छीमार होड्यांची डागडुजी करतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. बंदी नसती, तर अंडी घालण्यापूर्वीच मासे जाळ्यात सापडून पुढच्या वर्षीची आवक घटली असती."

पुस्तकाच्या घडीची सावली पानाच्या डाव्या कडेवर पडल्यामुळे फोटोत ओळींची पहिली अक्षरे काळवंडली होती. "नसती" हा शब्द नेमका ओळीच्या सुरुवातीला होता. तिला त्यातले "सती" एवढेच दिसले आणि तिने अंदाजाने "बंदी असती" असे वहीत उतरवले. एका अक्षराने वाक्याचा अर्थ उलटला आणि बंदीमुळेच मासे कमी होतात, असा मुद्दा तयार झाला. म्हणून फोटो मोठा करून चारही कडा आणि शेवटची ओळ तपासावी, उतारा हाताने उतरवून घ्यावा आणि वाक्यांना क्रमांक द्यावेत. पुसट छपाईत घ-ध आणि भ-म यांची गल्लत होते, अनुस्वार गळतात. जिथे वाक्य अडखळते, तिथे अंदाज न बांधता बाईंकडून ती ओळ पुन्हा मागवावी.

आता मध्यवर्ती कल्पना. त्या मुलीनेही पहिले वाक्य लिहिले होते. ते चुकीचे ठरवल्यावर तिने "मासेमारी बंदी" असे लिहिले. हा उताऱ्याचा विषय झाला, कल्पना नव्हे. विषय दोन शब्दांत सांगता येतो. कल्पना मात्र त्या विषयाबद्दल लेखक काय म्हणतो ते सांगते, म्हणून ती क्रियापदासह पूर्ण वाक्यातच लिहावी लागते. मी तिला विचारले, "बंदीबद्दल तुला काय सांगितले?" थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "बंदीमुळे माशांना अंडी घालायला वेळ मिळतो, म्हणून पुढे मासे कमी पडत नाहीत." हेच उत्तर. असे वाक्य उताऱ्यात सलग कुठेही छापलेले नव्हते. तिसरे आणि सहावे वाक्य जोडल्यावर ते तयार झाले. घाई न करता हा जोड मुलीला स्वतःला लावू द्यावा.

मुद्दे निवडताना प्रत्येक वाक्य कल्पनेपुढे ठेवून "हे का खरे, ते यातून कळते का?" असे विचारावे. तिसरे वाक्य कारण सांगते, सहावे परिणाम सांगते आणि दुसरे काळ व कोणावर बंदी ते सांगते. हे तीन मुद्दे झाले. होड्यांची डागडुजी आणि नारळी पौर्णिमा ही माहिती खरी आहे, आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना ती जवळचीही वाटते, पण ती या कल्पनेला आधार देत नाही. पहिल्या वाक्यावर आमचा वाद झाला. खवळलेला समुद्र हे बंदीचे कारण असू शकते, पण उताऱ्याने तसा संबंध जोडलेला नाही, म्हणून मी ते बाहेर ठेवले. मुलांना स्वतःला माहीत असलेली गोष्ट उताऱ्यात आहे असे वाटू लागते, तिथे विशेष लक्ष द्यावे.

शब्दार्थांत पहिली अडचण शब्द शोधण्याची असते. "जाळ्यात" हा शब्द शब्दकोशात त्या रूपात सापडणार नाही. विभक्ती काढून मूळ रूप "जाळे" पाहावे लागते. दुसरी अडचण अनेक अर्थांतून एक निवडण्याची. "आवक" म्हणजे मिळकत, तसेच बाजारात येणारा माल. अर्थ बरोबर आहे की नाही, हे तो वाक्यात शब्दाच्या जागी ठेवून कळते: "पुढच्या वर्षी बाजारात येणारी मासळी घटली असती" हे या उताऱ्यात नीट बसते. "खवळलेला" याला तिने "रागावलेला" लिहिले होते. समुद्राबद्दल तो अर्थ "मोठ्या लाटा उसळत असलेला" असा लिहावा. "प्रजनन" याला "पुनरुत्पादन" लिहिले, तर एका कठीण शब्दाच्या जागी दुसरा कठीण शब्द येतो. "अंडी घालून पिल्ले होणे" हे तिला समजते. मुलीने अर्थ लिहिला की तो शब्द वापरून उताऱ्याबाहेरचे एक वाक्य तिच्याकडून तोंडी बोलून घ्या. ते जमले नाही, तर तो अर्थ नुसता उतरवलेला आहे असे समजावे आणि त्या एका शब्दासाठी पुन्हा बसावे.