चॅनलच्या नावावर दुसरंच कुणी देणग्या गोळा करतंय

प्रश्न: आमचं जखमी भटक्या जनावरांवर उपचार करण्याचं यूट्यूब चॅनल आहे. कुणीतरी आमचंच नाव आणि लोगो लावून टेलिग्राम चॅनल काढलंय. आमच्या व्हिडिओखाली कमेंट करून लोकांना तिकडे बोलावतात आणि क्यूआर कोडवर देणगी घेतात. एका काकांनी ५,००० रुपये दिले. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, "तुमचे पैसे गेले नाहीत, मग तक्रार कसली?" आता काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पोलीस ठाण्यात तुम्हाला चुकीचं सांगितलं. पैसे काकांचे गेले हे खरं, पण ते तुमचं सोंग घेऊन काढले गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी मध्ये नेमका हाच गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सोबत भारतीय न्याय संहितेची ३१८(४) आणि ३१९(२) ही कलमं लागतात. हे दखलपात्र गुन्हे आहेत आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं. तरीही नोंद घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पण त्याआधी काकांना सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, आत्ताच. हा फोन त्यांनीच करायचा, कारण व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि बँकेचा तपशील त्यांच्या ॲपमध्ये आहे. तक्रार नोंदली की समोरच्या खात्यात जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी रोखली जाते. अशा खात्यांतून पैसे फार लवकर पुढे सरकतात, म्हणून उशीर झाला तर रोखायला काही उरत नाही. फोननंतर मिळणारा पोचक्रमांक जपून ठेवायला सांगा. आणखी कुणी फसलं असेल तर त्यांनाही स्वतंत्र तक्रार करू द्या. तुम्ही सगळ्यांच्या वतीनं एकच अर्ज दिलात, तर प्रत्येकाचा व्यवहार शोधणं अवघड होतं.

आता तुमचं काम. रागाच्या भरात बहुतेक जण आधी खोटं खातं रिपोर्ट करून बंद पाडतात आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काहीच राहत नाही. आधी पुरावा गोळा करा. टेलिग्राम चॅनलचं नाव कुणालाही तुमच्यासारखं ठेवता येतं, म्हणून t.me ने सुरू होणारी त्याची पूर्ण लिंक टिपा. ज्या यूट्यूब खात्यावरून कमेंट येतात त्यावर क्लिक करून @ पुढचं हँडल एकेक अक्षर वाचा. छोट्या l च्या जागी मोठा I, m च्या जागी rn किंवा एखादी जास्तीची अंडरस्कोअर सापडते. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, मूळ फाइली फोनमध्ये तशाच ठेवा. कोर्टात त्यांच्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

सर्वांत कामाचा धागा क्यूआरमध्ये आहे. तो स्कॅन केला की पैसे पाठवण्याआधीच खातेदाराचं नाव आणि यूपीआय आयडी पडद्यावर येतो. त्याचा फोटो घ्या आणि तिथेच थांबा. खात्रीसाठी एक रुपयाही पाठवायची गरज नाही. ते नाव मात्र व्हिडिओत जाहीर करू नका. अशी खाती बहुधा भाड्यानं घेतलेली असतात, क्वचित खातेदारालाच पत्ता नसतो, आणि उद्या तो तुमच्यावर बदनामीचा दावा लावू शकतो. नाव पोलिसांना द्या. प्रेक्षकांना फक्त तुमचा खरा यूपीआय आयडी आणि त्यावर दिसणारं नाव सांगा, पिन केलेल्या कमेंटमध्ये आणि चॅनलच्या माहितीत.

पुरावा हाती आला की cybercrime.gov.in वर तक्रार करा आणि मग यूट्यूब व टेलिग्राम दोन्हीकडे 'तोतयेगिरी' या कारणाखाली रिपोर्ट करा. नुसतं बटण दाबून थांबू नका. दोन्ही कंपन्यांच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलही करा आणि त्यात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या ३(२)(बी) चा उल्लेख करा. तोतयेगिरीची तक्रार खुद्द पीडितानं केली, तर या नियमाखाली कारवाईची मुदत दिवसांत नाही, तासांत मोजली जाते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येतं; निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत.

काकांचे पैसे भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर नाही, कारण ते तुम्ही घेतलेलेच नाहीत. पण तपासात तुम्हालाही विचारतील की तुम्ही स्वतः देणग्या कुठल्या आधारावर घेता. तुमचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी घेतात, तशी तुमच्या देणग्यांना लागते का, हे त्या कार्यालयात आधीच विचारून घ्या आणि देणग्यांचा हिशेब स्वतंत्र खात्यात ठेवा.